परदेशातली गाडी सोबत आणायची की इथे आल्यावर घ्यायची? परतणाऱ्यांसाठी हिशेब आणि कामाचा क्रम

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा सिंगापूरमध्ये काही वर्षं राहून महाराष्ट्रात परतायचं ठरलं की सामानाची यादी सुरू होते आणि त्या यादीत गाडी हमखास येते. दोन-अडीच वर्षांची, नीट जपलेली, मुलांच्या खुर्च्या बसवलेली गाडी तिथे विकून टाकायला जीव होत नाही. आधीच सांगतो, माझ्या मते बहुतेकांनी ती विकूनच यावं. पण माझं मत तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही. हिशेब स्वतः मांडा, तो कसा मांडायचा तेच इथे लिहितो आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. कायमचं परतणाऱ्यांना घरसामानावर जकातीत सवलत मिळते, तिला बोलीभाषेत टीआर म्हणतात. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा गोष्टींना ती ठरावीक मर्यादेपर्यंत लागू होते. गाडीला मात्र ती लागू नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये 'बॅगेज' या शब्दाची व्याख्याच मोटार वाहन वगळून केलेली आहे. मूव्हर्स कंपनीच्या माणसाने 'सगळं टीआरमध्ये बसवू' म्हटलं, तरी गाडीवर पूर्ण जकात लागते. दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचं परतणाऱ्या आणि किमान एक वर्ष गाडी स्वतःच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीला फायदा इतकाच, की वेगळा आयात परवाना न काढता ती एक गाडी आणू शकते. ही परवानगी आहे, करमाफी नाही.

पहिली पायरी: स्टीअरिंग बघा

वापरलेल्या गाडीच्या आयातीची पहिली अट म्हणजे स्टीअरिंग उजवीकडे असायला हवं. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, दुबई, कतार, कुवेत, ओमान, सौदी इथल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे त्या वाचकांसाठी हा विषय इथेच संपतो. गाडी तिथे विका आणि सरळ पाचव्या पायरीवर या. स्टीअरिंग उजवीकडे बदलून घेण्याचा विचारही करू नका. त्यात डॅशबोर्ड, पेडल, वायपर, एअरबॅग आणि स्टीअरिंगचा सगळा रॅक बदलावा लागतो. अशी गाडी तपासणीत टिकणं अवघड, आणि टिकली तरी मी त्यात मुलांना बसवणार नाही.

उरले ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, मलेशिया, जपान, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका, केनिया, मॉरिशस असे देश. गोव्यातली पुष्कळ माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये स्थिरावली आहेत. त्यांच्या ब्रिटिश गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे असतं, पण लिस्बनमध्ये घेतलेल्या गाडीचं डावीकडे. गाडी कुठे विकत घेतली यापेक्षा ती कोणत्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनली हे महत्त्वाचं.

ब्रिटनमधून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा हवा, आणि ब्रिटिश गाड्यांचा मुख्य काटा मैलांत असतो. डिजिटल पडदा असेल तर सेटिंगमध्ये किलोमीटर निवडता येतं का ते पाहा. जुन्या पद्धतीचा काटा असेल तर आतली पट्टी किंवा सगळा मीटर बदलण्याचा खर्च आताच विचारून ठेवा. हेडलाइटचा झोतही डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य हवा, पण तो उजव्या स्टीअरिंगच्या देशातल्या गाडीत बहुधा तसाच असतो.

दुसरी पायरी: गाडीचं वय नीट मोजा

वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि हे वय मोजायचं उत्पादनाच्या तारखेपासून. माणसं इथे फसतात, कारण आपल्या डोक्यात नोंदणीची तारीख असते. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी शोरूमच्या अंगणात चार-सहा महिने उभी राहिलेली असू शकते. तुमच्या हिशेबाने अडीच वर्षांची असलेली गाडी मुंबईला पोचेपर्यंत तीन वर्षं ओलांडून गेलेली असते.

म्हणून कंपनीकडून किंवा डीलरकडून उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं पत्र मागवा, त्यावर चेसिस क्रमांक असू द्या. मग जहाजाचे आठवडे आणि बंदरातला वेळ त्यात मिळवा. तीन वर्षांच्या आत किमान चार महिने शिल्लक दिसत नसतील तर हा नाद सोडा. बंदरात उभी राहून अपात्र ठरलेली गाडी परत पाठवणं, दंड भरणं किंवा तिच्यावर पाणी सोडणं यातलं काहीही परवडणारं नाही.

याच टप्प्यावर आणखी एक अट तपासा. आयात केल्यापासून पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि तिची सर्व्हिस भारतात होऊ शकेल अशी हमी द्यावी लागते. तुमचं मॉडेल भारतात विकलंच जात नसेल, तर ही हमी कोण लिहून देणार? कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला आधीच ईमेल करा. उत्तर येईपर्यंत जहाजाचं बुकिंग करू नका.

तिसरी पायरी: जकात कागदावर मांडा

पहिल्या दोन पायऱ्या ओलांडल्या तरी निर्णय इथे होतो. हा भाग सावकाश वाचा.

कस्टम्स तुमच्या गाडीची किंमत कशी ठरवतात? तुम्ही ती सेकंडहँड किती पौंडाला घेतली किंवा आज ती कितीला विकली जाईल, यावर नव्हे. ते त्या मॉडेलची नवी असतानाची किंमत धरतात आणि त्यातून वापराची घट वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४%, दुसऱ्या वर्षी ३%, तिसऱ्या वर्षी २.५%. म्हणजे दोन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला १६ अधिक १२, एकूण २८% घट मिळते. प्रत्यक्ष बाजारात गाडीची किंमत याहून वेगाने उतरते, त्यामुळे कागदावरची किंमत खऱ्या किमतीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच राहते. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवला की करपात्र किंमत तयार होते.

या किमतीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ सीमाशुल्क ७०% आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५% लागतो. त्याआधी मूळ सीमाशुल्क १२५% आणि त्यावर समाजकल्याण अधिभार असे. तेव्हाही बेरीज १३७.५% होती, आताही तीच आहे. 'वापरलेल्या गाडीवरची जकात १२५ वरून ७० वर आली' असे मथळे तेव्हा फिरले आणि त्यामुळे अनेकांनी गाडी आणायचा विचार पुन्हा सुरू केला. मथळा खरा होता, पण खिशावरचा भार तसूभरही हलला नाही. त्यानंतर किंमत आणि ही जकात यांच्या बेरजेवर आयात जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४०% आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या लहान गाडीला १८%.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्याचं एक कुटुंब ब्रिटनमधून परतत आहे असं समजा. त्यांच्याकडे फोक्सवॅगन गोल्फ आहे, १.५ लिटर पेट्रोल, दोन वर्षं पूर्ण झालेली. नवी असतानाची धरायची किंमत २५,००० पौंड मानू. पौंडाचा दर हिशेबासाठी ११५ रुपये धरू. प्रत्यक्षात कस्टम्सने त्या काळासाठी जाहीर केलेला दर लागतो.

२८% घट काढली की १८,००० पौंड उरतात. जहाज आणि विम्याचे २,००० पौंड मिळवले की २०,००० पौंड, म्हणजे २३ लाख रुपये. यावर ७०% सीमाशुल्क १६ लाख १० हजार. ६७.५% उपकर १५ लाख ५२ हजार ५००. इथपर्यंत एकूण ५४ लाख ६२ हजार ५०० झाले. या रकमेवर ४०% जीएसटी, म्हणजे आणखी २१ लाख ८५ हजार. नुसत्या करांची बेरीज ५३ लाख ४७ हजार ५०० रुपये. करपात्र किमतीच्या दोनशे साडेबत्तीस टक्के.

अजून गाडी पुण्याच्या रस्त्यावर आलेली नाही. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला आरटीओचा एकरकमी कर २०% दराने पडतो, आणि तोही जकातीसह पडलेल्या किमतीवर. ७६ लाख ४७ हजार ५०० वर तो होतो सुमारे १५ लाख ३० हजार. म्हणजे कर, जहाजभाडं आणि आरटीओ धरून खिशातून जातात ७१ लाखांच्या आसपास. बंदराचं भाडं, एजंटची फी आणि तपासणीचा खर्च वेगळा. शिवाय तीच गाडी तिथे विकून जे पौंड हाती आले असते तेही गेले.

आता दुसऱ्या बाजूला बघा. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आणली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, कोरी करकरीत, आणली तेव्हा सुमारे ५३ लाख रुपये एक्स-शोरूम. तुमच्या जुन्या १.५ लिटरच्या गाडीच्या नुसत्या करांएवढी तिची सगळी किंमत. आणि चाकणच्या कारखान्यात बनणारी, १.५ लिटर टर्बो इंजिनची व्हर्टस वीस लाखांच्या आत मिळते. हे आकडे शेजारी ठेवल्यावर बहुतेक घरांत चर्चा संपते.

चौथी पायरी: तरीही आणायचीच असेल तर

काहींना खरंच आणायची असते. वडिलांनी दिलेली गाडी असते, अपंगत्वासाठी खास बदल केलेली असते, किंवा भारतात मिळतच नाही अशी असते. अशा वाचकाने कामं याच क्रमाने करावीत.

गाडीची सगळी रक्कम परदेशात, परदेशातल्या खात्यातून फेडलेली हवी. कर्ज शिल्लक असेल तर आधी मिटवा आणि तसं पत्र घ्या. मूळ खरेदीचं बिल, नोंदणीपत्र, विम्याचे कागद, दोन वर्षांचा मुक्काम दाखवणारा पासपोर्ट आणि उत्पादनाच्या तारखेचं पत्र एका फाइलमध्ये लावा. ब्रिटनमधून येणाऱ्यांनी व्ही५सी या नोंदणीपत्राचा कायमच्या निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएला पाठवायचा आणि बाकीचं पुस्तक स्वतःजवळ ठेवायचं. ते इथे कस्टम्स आणि आरटीओ दोघांनाही लागतं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत काढून घ्या.

मग जहाजावर चढवण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं तपासणीपत्र घ्या. ते नंतर इथे मिळवता येत नाही.

वापरलेल्या गाडीसाठी बंदर एकच, मुंबई. तुमचं घर मडगावला असो की नागपूरला, बुकिंग मुंबईचंच करा. 'आमच्यासाठी मुरगाव जवळ पडेल' म्हणून कुणी वेगळं बंदर सुचवलं तर नकार द्या. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेले आहेत तसेच आले आहेत ना, हे अक्षर न अक्षर ताडून पाहा. एक अंक चुकला तरी दुरुस्तीपत्र येईपर्यंत गाडी बंदरात थांबते आणि भाडं चढत राहतं.

मुंबईत सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा जकात-अर्ज, दाखल करतो. स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्या व्यक्तीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक, काढावा लागत नाही. कुणी त्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर का मागतो ते विचारा. ब्रोकर निवडताना एकच प्रश्न नक्की विचारा: गेल्या वर्षभरात व्यक्तीच्या नावावर किती वापरलेल्या गाड्या सोडवल्या? घरसामान सोडवण्यात हुशार असलेल्या माणसाला गाडीचं मूल्यांकन जमेलच असं नाही. जकातीची रक्कम आधीच बँकेत मोकळी ठेवा, कारण मूल्यांकन झाल्यावर पैशाची जमवाजमव करत बसलात तर बंदराचं भाडं रोज वाढतं.

बंदरात उतरल्यावर गाडीची भारतातही तपासणी होते. कारसाठी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई या संस्था ती करतात. नोंदणी नसलेली गाडी चालवत तिथे नेऊ नका, रिकव्हरी ट्रकवरून न्या. तपासणीचं प्रमाणपत्र, बिल ऑफ एंट्री आणि जकात भरल्याची पावती हाती आली की मग आरटीओचा अर्ज, विमा आणि नंबर प्लेट.

कुणी तुम्हाला कार्नेटची वाट सुचवेल. कार्नेट हे गाडी घेऊन फिरायला येणाऱ्या आणि गाडीसकट परत जाणाऱ्या पर्यटकांसाठी असतं. त्यावर आणलेली गाडी मुदतीत देशाबाहेर न्यावी लागते. कायमचं परतणाऱ्याने त्यावर गाडी आणून इथेच ठेवली तर ती जप्त होऊ शकते.

पाचवी पायरी: इथेच घ्यायची असेल तर

आधी तिथली गाडी नीट विका. ब्रिटनमध्ये विक्री डीव्हीएलएला कळवली की रोड टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. विमा कंपनीकडून नो क्लेमचं पत्र लेटरहेडवर घ्या. इथली विमा कंपनी ते मानते का, हे नव्या पॉलिसीच्या आधी विचारून बघा.

परवान्याकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. जुना भारतीय परवाना परदेशात असताना संपला असेल आणि संपून वर्षाहून जास्त काळ झाला असेल, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सारथी पोर्टलवर अर्ज टाका. परवाना वैध नसताना झालेल्या अपघातात विमा कंपनी हात वर करते, आणि गाडी कितीही महाग असली तरी त्याने काही फरक पडत नाही.

कर्ज हवं असेल तर तिथल्या क्रेडिट इतिहासाचा इथे उपयोग होत नाही. वर्षानुवर्षं भारतात काही कर्ज नसलेल्या माणसाला सिबिलवर स्कोअरच नसतो. अशा वेळी तुमचा पगार जमा होतो ती बँक किंवा तुमची एनआरई ठेव असलेली बँक जास्त लवचीक असते. ठेवीवर तारण कर्ज घेणं बहुतेकांना स्वस्तही पडतं.

नवी गाडी घेताना किंमत ऐकायची ती ऑन-रोड. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३% एकरकमी कर लागतो, डिझेलला जास्त. १९ लाखांच्या पेट्रोल गाडीला १२% धरले तर २ लाख २८ हजार. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर १% टीसीएस कापतो. हा वेगळा कर नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. डीलरला पॅन बरोबर द्या आणि पावती जपून ठेवा. हँडलिंग चार्जेस नावाची ओळ बिलात दिसली तर ती काढायला लावा. डीलरच्या विम्याची किंमत बाहेरून आणलेल्या कोटेशनशी ताडून बघा, विमा त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती नाही.

पहिल्या वर्षी सेकंडहँड गाडी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मुलांची शाळा, नोकरीचं ठिकाण, पार्किंगची जागा हे सगळं पहिल्या वर्षात हलत असतं. पण स्वस्तात मिळते म्हणून दिल्लीची गाडी घेऊ नका. दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा असल्यामुळे तिथून बऱ्याच गाड्या इतर राज्यांत विकायला येतात. महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो, आणि दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळवताना दमछाक होते. वाचलेले पैसे तिथेच जातात.

एमएच नंबरची गाडी बघितलीत तरी पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर क्रमांक टाका. मालकाचं नाव, कितवा मालक, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद दिसते. कर्ज फेडलंय असं विक्रेता म्हणाला तरी आरसीवरचा बोजा उतरलेला नसेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेले ई-चलान वेगळे तपासा. महाराष्ट्रात एक्स्प्रेसवेच्या वेगमर्यादेची चलानं नकळत साठलेली असतात आणि ती भरल्याशिवाय नाव बदलून मिळत नाही.

सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. विक्रेत्याच्या आधार आणि पॅनच्या प्रती, त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी यासाठी तो समोर असतानाच ऑनलाइन अर्ज पूर्ण करा, नंतर फोन उचलले जात नाहीत. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आरसी हातात येईपर्यंत रकमेतला छोटा भाग राखून ठेवायची बोली आधीच करा आणि ती सौद्याच्या कागदावर लिहून घ्या.